आमच्याविषयी थोडंसं...

दिवाळीच्या आधी आपल्याकडे वसई-विरार, नालासोपाऱ्यात बचत गटांची प्रदर्शनं भरतात. मला एक खोड आहे. वस्तू हातात घेतली की मी आधी पाकीट उलटं करते आणि मागचा मजकूर वाचते. पापड असोत, उटणं असो की फिनेल असो, मागे लिहिलेलं असतं तेच. ‘सुप्रसिद्ध’, ‘एकमेव’, ‘उत्कृष्ट दर्जाची हमी’, ‘ग्राहकांचा संतोष हेच आमचे ध्येय’. नाव अंगठ्याखाली झाकलं तर पापडाचा मजकूर फिनेलला चालेल आणि फिनेलचा पापडाला!

गंमत अशी की हे ज्या बाईने लिहून घेतलेलं असतं तिच्याशी पाच मिनिटं बोललं, तर ती एकेक अशी गोष्ट सांगते की आपण ऐकतच राहावं. उडीद कुठून आणते, कुठल्या डाळीचा पापड फाटतो, पहिली ऑर्डर कशी अंगावर आली. यातलं काहीच त्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकावर येत नाही. ‘आमच्याविषयी’ लिहायचं म्हटलं की आपण एकतर छपाईवाल्याच्या हाती सगळं सोपवतो, नाहीतर ‘आमचं काय लिहायचं, घरचाच तर धंदा’ म्हणून दोन ओळींत आटोपतो. या दोन्हींच्या मधलं कसं लिहायचं, ते एका खऱ्या पानावरून सांगते.

आगाशीच्या बाजूला राहणाऱ्या एक काकी आहेत. नाव देत नाही, कारण त्यांनाच ते नको आहे. सुकेळी करतात. आपल्या भागातल्या बायकांना सुकेळी काय ते सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्या सुक्या पानात बांधायची. साखर नाही, तेल नाही. पूर्वी वसईत वाड्या होत्या तेव्हा घरोघर होत असत. आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि करणारी घरं कमी झाली. काकी मात्र दरवर्षी करतात. हाताखाली शेजारच्या तीन बायका आहेत.

ठाण्याच्या एका दुकानदाराने माल ठेवायची तयारी दाखवली आणि म्हणाला, “तुमच्याविषयी एक पान द्या. माझं गिऱ्हाईक विचारतं, हे कोण करतं, कुठे करतं.” काकींनी एका प्रेसवाल्याकडून पान करून घेतलं. दुकानदाराने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, “बघतो.” हा ‘बघतो’ काय असतो ते माल विकणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

काकी ते पान आणि आपली टिपणांची वही घेऊन माझ्याकडे आल्या. प्रेसवाल्याचं पान असं होतं:

“चिमाजी अप्पांच्या पराक्रमाने पावन झालेल्या ऐतिहासिक वसईनगरीतील सुप्रसिद्ध व शासनमान्य सुकेळी उत्पादक! २५ वर्षांची गौरवशाली परंपरा. आमच्या स्वतःच्या वाडीतील १०० टक्के शुद्ध, ताजी, नैसर्गिक व घरगुती सुकेळी. रक्तवाढीसाठी व अशक्तपणावर रामबाण. हजारो समाधानी ग्राहक.”

आणि वहीत काकींच्या अक्षरात, वाकड्यातिकड्या ओळींत हे होतं:

“मुलगा दुसरीत तेव्हा पहिल्यांदा विकली. नणंदेच्या ऑफिसात. सासूबाईंकडून शिकले. त्या बोटाने दाबून सांगायच्या झालं का नाही. यजमानांच्या मार्गदर्शनाखाली. दिवाळीनंतर सुरू, पाऊस आला की बंद. सात आठ दिवस ऊन. रोज पालटायची. ढग आले की टेन्शन. एकदा अवकाळी पावसात सगळा मांडव गेला, टाकून दिली, विकली नाहीत. यजमान आजारी होते तेव्हा ह्याच्यावरच घर चाललं. तिघी येतात. वाडी आहे पण आता केळी पुरत नाहीत. फूडचं रजिस्ट्रेशन केलं. दादरच्या बाई दरवर्षी घेतात.”

मला विचाराल तर वहीच्या त्या पानावरूनच मी माल घेतला असता. पण तसंच्या तसं ते कुणाला देता येत नाही. वाचणाऱ्याला नणंद कोण, मांडव कसला, कळणार नाही. शिवाय त्यात काही गोष्टी अर्ध्या आहेत, काही चुकीच्या आहेत आणि काही कुणाला सांगायच्या की नाही हे काकींनी ठरवायचं आहे.

आम्ही आधी एक केलं. वहीतली आणि प्रेसच्या पानावरची प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर लिहून काढली. मग प्रत्येकीसमोर खूण केली. जिला कागद आहे, म्हणजे पावती, पासबुक, दाखला, तिला बरोबरची खूण. जी काकींना आठवते किंवा दुसरं माणूस सांगू शकतं, तिला टिंब. आणि जिला दोन्ही नाही, नुसतं कौतुक आहे, तिला फुली. ‘सुप्रसिद्ध’ला फुली. ‘गौरवशाली’ला फुली. चिमाजी अप्पांनाही फुली मारावी लागली! १७३९ सालची वसईची मोहीम खरीच, पण तिचा काकींच्या सुकेळ्यांशी काय संबंध? वाचणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नसेल म्हणून किल्ला पुढे केला.

फुली आली की ओळ लगेच खोडायची नाही. आधी विचारायचं, हे कशावरून म्हणता? कारण बऱ्याचदा त्या कौतुकाखाली खरी गोष्ट दडलेली असते. ‘हजारो समाधानी ग्राहक’ कशावरून, असं विचारलं तर काकी हसल्या. “अगं, त्या मुलानेच लिहिलं.” पण त्यांच्याकडे ऑर्डरच्या डायऱ्या होत्या. आम्ही दोघी एक अख्खी दुपार त्या घेऊन बसलो आणि एकाहून जास्त हंगामांत ज्यांचं नाव आलंय अशी घरं मोजली. ६३ निघाली. काकींचा चेहरा उतरला. “हजारोच्या जागी त्रेसष्टच?” मी म्हटलं, काकी, ‘हजारो’ कुणीही लिहितं. ६३ घरं पुन्हा पुन्हा येतात असं लिहिणाऱ्या बाईने मोजलेलं असतं, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

मग आला वर्षांचा प्रश्न. यावर जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. ‘२५ वर्षांची परंपरा’ असं पानावर होतं. काकी म्हणाल्या, “वीस-पंचवीस असतील.” वहीत होतं ‘मुलगा दुसरीत’. मुलाची प्रगतिपुस्तकं काढली तर दुसरीचं वर्ष २००४-०५ निघालं. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, “मी ऑफिसात नेली त्याच वर्षी २६ जुलैचा पाऊस झाला. ज्यांनी घेतली होती त्यातली एक बाई त्या रात्री ऑफिसातच अडकली होती, म्हणून लक्षात आहे.” म्हणजे २००५चा उन्हाळा. दोन वेगळ्या बाजूंनी तेच साल आलं, तेव्हा ते लिहायला हरकत नाही. जुन्या गोष्टींचं साल असंच काढायचं असतं. नुसतं ‘कधी सुरू केलं’ विचारलं की माणूस गोल आकडा सांगतो. ‘तेव्हा घरात काय चाललं होतं’ विचारलं की नेमकं साल सापडतं.

आता कागद बघितले. बचत गटाच्या पासबुकावर २०११ होतं. खाद्यपदार्थांच्या नोंदणीचा कागद २०१८चा. मग सुरुवात कुठून धरायची? कुणी म्हणेल २००५, कुणी म्हणेल २०१८. आम्ही दोन्ही लिहिली. २००५ पासून ओळखीच्यांना विकत होत्या, २०१८ला नोंदणी केली. हे असं उलगडून लिहिण्याचा फायदा फार मोठा आहे. बँकेतला साहेब किंवा दुकानदार नोंदणीचा कागद मागतो. पानावर २००५ आणि कागदावर २०१८ दिसलं तर तो मनात म्हणणार, बाई वाढवून सांगतायत. दोन्ही आधीच लिहिलेली असली की शंकेला जागाच राहत नाही. आणि ‘२० वर्षांपासून’ असं न लिहिता साल लिहावं. माहितीपत्रकं पाच-सहा वर्षं पडून राहतात. साल कधी शिळं होत नाही, ‘वीस वर्षं’ मात्र दरवर्षी खोटं होत जातं.

पत्त्याचंही असंच. काकींच्या जुन्या लेबलांच्या गठ्ठ्यावर ‘ता. वसई, जि. ठाणे’ छापलेलं होतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला, तरी गठ्ठा संपेपर्यंत वापरू, म्हणून ती लेबलं चालूच होती. बायकांची काटकसर मला समजते. पण नोंदणीवर पालघर आणि पाकिटावर ठाणे असेल तर लांबच्या गिऱ्हाइकाला वाटतं, या दोन वेगळ्या जागा आहेत का? त्या जुन्या गठ्ठ्याचा एक उपयोग मात्र झाला. काकी २०१४च्या आधीपासून लेबल लावून माल विकत होत्या, याला तो एक आधार मिळाला.

सगळ्यात अवघड ओळ होती ‘स्वतःच्या वाडीतील’. काकी म्हणाल्या, “वाडी आहे की!” आहे, पण वहीत त्यांनीच लिहिलं होतं, केळी पुरत नाहीत. मी विचारलं, गेल्या हंगामात घरची किती आणि विकतची किती? थोडं थांबून म्हणाल्या, “निम्म्याहून जास्त बाहेरची.” बाहेरची म्हणजे आसपासच्या बागायतदारांकडची, त्यांच्या ओळखीची, पण घरची नव्हेत. त्यांना वाटत होतं हे लिहिलं तर मालाची किंमत उतरेल. बराच वेळ आमचं यावर बोलणं झालं. मी एवढंच म्हटलं, की गिऱ्हाईक उद्या वाडी बघायला आलं तर? आपल्याकडे लोक रविवारी अर्नाळ्याला येतातच, येता येता डोकावतात. दहा-पंधरा झाडांची वाडी बघून ते काय समजतील? मग त्यांनीच वाक्य सांगितलं. “काही केळी घरच्या वाडीतली, बाकीची जवळच्या बागायतदारांकडून मी स्वतः निवडून आणते.” या ‘स्वतः निवडून’मध्ये दम आहे, आणि ते खरंही आहे. राजेळी किती पिकलेली घ्यायची हे त्यांच्याइतकं दुसऱ्याला कळत नाही.

आता कायद्याकडे वळते. घाबरू नका, थोडंच आहे. २०१८ साली खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयने नियम केले. आपलं माहितीपत्रकही जाहिरातच असतं. त्या नियमांत ‘ताजे’, ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांना अर्थ ठरवून दिलेत. ‘ताजे’ हा शब्द धुणं, सोलणं, कापणं, थंड ठेवणं यापलीकडे फारसं काही न केलेल्या पदार्थालाच लावायचा. मग सात-आठ दिवस उन्हात वाळवलेलं सुकेळं ताजं कसं? तशीही ‘ताजी सुकेळी’ ही गोष्ट ऐकायलाच विनोदी आहे, म्हणजे ताजी वाळवण! काकींना म्हणायचं होतं, ‘याच हंगामातली’. मग तसंच लिहायचं. ‘घरगुती’सारख्या शब्दांनी गिऱ्हाइकाची चुकीची समजूत होऊ नये असंही त्यात आहे. काकी घरामागच्या अंगणात, चौघीजणी मिळून करतात. तेच लिहिलं की ‘घरगुती’ची गरजच उरत नाही.

रक्तवाढ आणि अशक्तपणा मात्र सरळ खोडला. खाण्याच्या पदार्थाने आजार बरा होतो असा दावा करता येत नाही. काकींची तक्रार होती, “पण आमच्याकडे बाळंतिणीला देतात.” देत असतील, घरात सांगा. छापू नका.

‘शासनमान्य’ हा शब्द तर आपल्याकडे पिठाच्या गिरणीपासून क्लासपर्यंत सगळीकडे दिसतो. काकींकडे दोन कागद होते, एफएसएसएआयची नोंदणी आणि उद्यमची नोंदणी. उद्यम नोंदणी फुकट होते आणि आपणच आपली माहिती भरून ती करतो. कुणी सरकारी माणूस येऊन सुकेळं चाखून ‘छान आहे’ म्हणत नाही! एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक म्हणजे तुमचा व्यवसाय त्यांच्याकडे नोंदलेला आहे. त्याने मालाच्या चवीला किंवा दर्जाला पदक मिळत नाही. म्हणून ‘मान्य’, ‘प्रमाणित’ न लिहिता ‘नोंदणी आहे’ लिहायचं आणि क्रमांक द्यायचा. क्रमांक कुणालाही तपासता येतो, त्यामुळे तो नुसता असला तरी पुरतो.

इथपर्यंतचं काम हिशेबाचं होतं. पुढचं काम नाजूक होतं. वहीत एक ओळ होती, ‘यजमानांच्या मार्गदर्शनाखाली’. मी विचारलं, काका काय मार्गदर्शन करतात? काकी नुसत्या गप्प. काका शेजारच्या खोलीतून म्हणाले, “मी केळीचे घड उतरवून घेतो आणि मांडवावर ताडपत्री टाकतो. मार्गदर्शन हीच मला करते.” तरीही काकींना ती ओळ काढवेना. “बरं दिसत नाही गं, बाईचं एकटीचं नाव.” मैत्रिणींनो, ही ओळ मी किती तरी जणींच्या कागदांवर पाहिली आहे. बढाई नको म्हणून आपण स्वतःला पुसून टाकतो आणि त्याला नम्रता म्हणतो. पण तीही एक चुकीची माहितीच असते. दुकानदाराला उद्या मालाबद्दल काही विचारायचं झालं तर तो कुणाला विचारील? ज्याला माहीत आहे त्याचं नाव पानावर हवं. शेवटी ठरलं ते असं. सुकेळी काकी करतात, हे पहिलं. सासूबाईंकडून शिकल्या, हे दुसरं. काका घड आणि मांडव सांभाळतात, हे तिसरं. जो जे करतो ते त्याच्या नावावर. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, “आता बरोबर.”

त्या तिघींची नावं घालायची का, हेही विचारायला हवं होतं. आपण परस्पर घालून मोकळ्या होतो. दोघी ‘हो’ म्हणाल्या. तिसरीने सांगितलं, नको, माझ्या घरी आवडणार नाही. म्हणून कुणाचंच न घालता ‘शेजारच्या तिघीजणी’ लिहिलं.

आणि काकांच्या आजारपणाचं? प्रेसवाल्याला ते कळलं असतं तर त्याने ‘संकटांवर मात करून’ अशी सुरुवात केली असती. मला असं लिहिलेलं फार दिसतं, आणि मला ते आवडत नाही. गिऱ्हाईक दया म्हणून एकदा घेतं, दुसऱ्यांदा माल बघतं. पण माझ्या आवडीनिवडीचा इथे प्रश्न नव्हता. मी काकींना विचारलं, हे अनोळखी माणसाने वाचलेलं तुम्हाला चालेल का? आणि काकांना? दोघेही नको म्हणाले. ओळ गेली.

अवकाळी पावसाची ओळ मात्र मी आग्रहाने ठेवली. मांडव गेला, माल टाकून दिला, विकला नाही. काकींना वाटलं, नुकसान झालेलं कशाला सांगायचं? पण ‘उत्कृष्ट दर्जाची हमी’ म्हणजे नेमकं काय, ते या एका वाक्यात आहे. दर्जा सांभाळायला कधीतरी पदरचं घालावं लागतं, आणि ते कधी घातलं हे सांगता आलं तर हमी शब्द वेगळा लिहावा लागत नाही. हा कुठला हंगाम होता तेही डायरीत सापडलं. त्या तारखांपुढे ऑर्डर खोडून ‘नाही दिली’ लिहिलेलं होतं. २०२१चा मे, तौक्ते वादळाचे दिवस.

हे सगळं करताना मला लिज्जतची आठवण येत होती. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापडची सुरुवात कशी झाली ते आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका बसल्या, छगनलाल पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड केले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. एवढी मोठी संस्था झाली, त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तरी त्यांची गोष्ट सांगताना लोक आजही ८० रुपये आणि चार पाकिटंच सांगतात. तो आकडा लहान आहे म्हणूनच तो लक्षात राहतो आणि पटतो. त्या गोष्टीतून ‘सात’, ‘८०’ आणि ‘चार’ काढून ‘काही कष्टाळू महिलांनी अल्प भांडवलावर’ असं घातलं असतं, तर ती गोष्ट कुणी कुणाला सांगितलीच नसती.

आता काकींचं पान. क्रम कसा लावायचा यावर एकच सांगते. सुरुवात सुरुवातीपासून करायची नाही. वाचणारा घाईत असतो. त्याला आधी कळायला हवं की तुम्ही काय करता, कुठे करता आणि कोण करतं. तुमची जन्मकथा त्याला नंतर चालते. तेव्हा पान असं झालं:

“आम्ही वसई तालुक्यात, आगाशीजवळ, राजेळी केळ्यांची सुकेळी करतो. पिकलेली केळी सोलून सात ते आठ दिवस उन्हात वाळवतो, रोज पालटतो आणि केळीच्या सुक्या पानात बांधतो. साखर किंवा दुसरं काही घालत नाही.

हे काम मी सासूबाईंकडून शिकले. सुकेळं तयार झालं की नाही हे त्या बोटाने दाबून सांगत. आजही आम्ही प्रत्येक सुकेळं तसंच तपासतो. २००५च्या उन्हाळ्यात ओळखीच्यांना विकायला सुरुवात केली. २०११ पासून बचत गटातर्फे प्रदर्शनांत माल ठेवतो. २०१८ साली एफएसएसएआयची नोंदणी केली. क्रमांक खाली दिला आहे.

काही केळी आमच्या घरच्या वाडीतली असतात. बाकीची जवळच्या बागायतदारांकडून मी स्वतः निवडून आणते. घड उतरवणं आणि वाळवणाचा मांडव माझे यजमान सांभाळतात. सोलणं, पालटणं आणि बांधणं मी व शेजारच्या तिघीजणी घरामागच्या अंगणात करतो.

काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि पावसाळ्यापूर्वी थांबतं. पावसाळ्यात आमच्याकडे सुकेळी मिळत नाहीत. हवा ढगाळ असली तर ऑर्डरला उशीर होतो, तसं आम्ही फोनवर कळवतो. मे २०२१च्या वादळात भिजलेला सगळा माल आम्ही टाकून दिला, कुणालाही दिला नाही.

६३ घरं आमच्याकडून एकाहून जास्त हंगाम सुकेळी घेत आली आहेत. आपल्याला आधी चव बघायची असेल तर एक लहान पुडा मागवावा.”

खाली काकींचं नाव, पत्ता, फोन आणि दुपारी चार ते सात ही वेळ. बस.

यातल्या पावसाळ्याच्या ओळीवरून प्रेसवाल्या मुलाने नाक मुरडलं. “काकी, मिळत नाही असं कुणी छापतं का?” मी म्हणते, जरूर छापावं. बारा महिने मिळतात म्हटलं की जाणकाराला लगेच शंका येते, पावसात ऊन आणलं कुठून? आणि जुलैमध्ये फोन करून हिरमुसलं झालेलं गिऱ्हाईक नोव्हेंबरमध्ये परत येत नाही.

छापण्याआधी आम्ही दोनदा वाचन केलं. पहिलं काकींसमोर, मोठ्याने. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबत होते. ज्या वाक्याला त्या खाली बघतील ते वाक्य त्यांचं नाही, असं मी धरलं. असं एकच निघालं. मी ‘पिढ्यान्‌पिढ्यांची कला’ असं काहीतरी सासूबाईंच्या ओळीत घातलं होतं. काकी म्हणाल्या, “सासूबाईंना कुणी शिकवलं ते मला नाही माहीत.” काढलं. दुसरं वाचन माझ्या सोसायटीतल्या एका बाईंसमोर. त्या मूळच्या नागपूरच्या, सुकेळी त्यांनी कधी बघितलेली नाहीत. त्यांनी विचारलं, “मांडव म्हणजे लग्नाचा?” म्हणून ‘वाळवणाचा मांडव’ केलं. घरातल्या माणसाला हे प्रश्न पडत नाहीत, म्हणून एक तरी परका कान हवा.

या पानाने सगळं काम होत नाही हेही सांगायला हवं. दुकानदाराने पान वाचलं आणि पहिला प्रश्न भावाचा केला. त्याचं उत्तर पानावर नव्हतं आणि नसावंही, भाव दरवर्षी बदलतो. तो वेगळ्या चिठ्ठीवर द्यायचा. पण दुसरा प्रश्न त्याने विचारला, “बाहेरची केळी कुठल्या गावची?” आणि काकींनी तीन गावांची नावं घडाघडा सांगितली. पहिली ऑर्डर पाच किलोची मिळाली.

प्रती आम्ही शंभरच काढल्या. हंगाम संपला की काकी डायरी घेऊन बसणार आहेत आणि त्या ६३चे किती झाले ते मोजणार आहेत. कमी झाले असतील तर तेवढे लिहायचे, असं त्यांनीच मला बजावलंय.